इमारतीपर्यंत पोचलेलं पार्सल

टोरोंटोतल्या एखाद्या तीस मजली इमारतीत शिरलं की लिफ्टच्या अलीकडे पत्रपेट्यांची एक भिंत लागते. लहान लहान धातूची दारं ओळीनं बसवलेली, प्रत्येकाला कुलूप आणि प्रत्येकावर एक आकडा: 1201, 1202, 1203. नावं सहसा नसतात. तिथल्या कॅनडा पोस्टचा पोस्टमन किल्ली लावून ही सगळी भिंत एकदम उघडतो आणि आकडे बघून टपाल टाकत जातो. पार्सल पेटीत मावणारं नसेल आणि घरी कुणी सापडलं नाही, तर त्याच आकड्याच्या पेटीत ‘तुमचं पार्सल अमुक पोस्टात ठेवलं आहे’ असं कार्ड पडतं.

आता या भिंतीसमोर साताऱ्याहून आलेलं एक पार्सल धरून तो उभा आहे. लेबलावर भाचीचं नाव आहे, इमारतीचा नंबर आहे, रस्ता आहे, शहर आहे, पोस्टल कोडही बरोबर आहे. नाही तो फक्त घराचा नंबर. भिंतीत तीनशे पेट्या आहेत. साताऱ्याचा पोस्टमन अशा वेळी खालच्या दुकानदाराला विचारेल, वॉचमनला हाक मारेल, ‘ते नवीन जोशी ना, तिसऱ्या मजल्यावरचे’ असं उत्तर मिळवून वर जाईल. टोरोंटोत तो हे करत नाही, आणि त्याचं काही चुकतही नाही. त्याला पत्ता आकड्यांचा दिलेला आहे. आकडा नसेल तर पार्सल कुठल्या पेटीचं हे त्याला ठाऊक नाही, आणि कार्ड टाकायचं म्हटलं तरी ते कुठे टाकणार? तेव्हा पार्सल ‘अपुरा पत्ता’ असा शेरा घेऊन परतीच्या वाटेला लागतं. हजारो किलोमीटर बिनबोभाट येतं आणि लिफ्टच्या दारातून माघारी जातं.

हे सगळं ज्यामुळे टळलं असतं तो मजकूर म्हणजे पार्सल बांधण्याआधी पाठवलेली एक ईमेल. ती ईमेल कशी लिहायची, नेमकं काय विचारायचं आणि आलेलं उत्तर कसं वाचायचं, हे इथे एका उदाहरणातून बघू. उदाहरणातली मावशी साताऱ्याची, भाची टोरोंटोतली. भाचीला मुलगा झालाय आणि मावशीनं जुन्या सुती लुगड्यांचं दुपटं शिवलंय. माणसं आणि पत्ता मी बनवलेला आहे, अडचणी मात्र खऱ्या आहेत.

आधी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, की आपल्याकडचा पत्ता आणि तिकडचा पत्ता वेगवेगळ्या रीतीनं काम करतात. आपला पिन कोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या सहा आकड्यांचं काम पत्र योग्य त्या वाटप करणाऱ्या पोस्टापर्यंत नेणं हे आहे. तिथून पुढे हजारो घरं असतात आणि पुढचा सगळा प्रवास शब्दांवर चालतो: पेठ, गल्ली, ‘मारुतीच्या देवळासमोर’, ‘जुन्या टॉकीजच्या मागे’. म्हणून आपल्याला पत्ता म्हणजे वर्णन वाटतं. वर्णनात एखादी गोष्ट राहिली तर दुसरी तिची जागा भरून काढते.

कॅनडाचा पोस्टल कोड त्याच सुमाराचा, 1971 साली ओटावात पहिल्यांदा आलेला. तोही सहाच खुणांचा आहे, पण त्यात अक्षर आणि अंक आलटून पालटून येतात आणि तो फार बारीक जागा दाखवतो. पहिल्या तीन खुणा विभाग सांगतात, शेवटच्या तीन त्या विभागातली एक अगदी छोटी जागा: रस्त्याच्या एका बाजूची काही घरं, किंवा इमारत मोठी असेल तर ती एकटी इमारत. म्हणजे टोरोंटोतल्या आपल्या तीस मजली इमारतीला स्वतःचाच कोड असू शकतो. तो कोड बरोबर असला की पार्सल इमारतीच्या दारात येणारच. आणि नेमकं तेच फसवं आहे. कोड पार्सलाला जिथे आणून सोडतो, तिथून पुढे नेणारी खूण एकच उरते, ती म्हणजे यूनिट नंबर. देऊळ, टॉकीज, दुकानदार काही मदतीला येत नाही.

मग तिथे राहणारी माणसंच हा नंबर सांगायला का विसरतात? कारण रोजच्या व्यवहारात त्यांना तो फारसा सांगावा लागत नाही. मित्र गाडीनं येतो, खाली उभा राहून फोन करतो. घरी येणाऱ्यांना इमारतीचा नंबर आणि बझरचा कोड पुरतो. हा बझर म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या दारावरचं बटणांचं यंत्र; त्यावर ठरावीक आकडे दाबले की वर घरच्या फोनची घंटी वाजते आणि घरातला माणूस दार उघडून देतो. टोरोंटोच्या बहुतेक इमारतींत बझरचा आकडा आणि घराचा आकडा मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, खाली उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला कोण कुठल्या घरात राहतं ते कळू नये म्हणून.

आपल्या मावशीनं पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर ‘नेहा, पत्ता पाठव गं’ एवढंच विचारलं. भाची कामात होती. तिनं नकाशावरचं ठिकाण पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘85 गुलमोहर, बझ 0317’. हे उत्तर खोटं नाही, पाहुण्यासाठी ते परिपूर्ण आहे. पण मावशीच्या वाचनात 0317 म्हणजे तिसरा मजला, सतरा नंबरचा फ्लॅट. लेबलावर तसं लिहिलं असतं तर पार्सल 317 या पेटीवाल्याकडे गेलं असतं, किंवा असा नंबरच नसता तर परत फिरलं असतं. नकाशावरच्या ठिकाणाचा तर पार्सलाला काहीच उपयोग नाही. पोस्टाचा फॉर्म ते घेत नाही आणि तीस मजल्यांचं ठिकाण नकाशावर एकच असतं.

सैल प्रश्नाला सैल उत्तर येतं, म्हणून प्रश्न तुकड्यातुकड्यानं विचारावा लागतो. आणि तो ईमेलवर विचारणं मला जास्त बरं वाटतं. एक तर उत्तर संगणकावर बसून, टाइप करून येतं. दुसरं म्हणजे ते जसंच्या तसं उचलून पोस्टाच्या किंवा कुरिअरच्या फॉर्ममध्ये चिकटवता येतं. ऐकून लिहिलेल्या पत्त्यात ‘बी’चा ‘डी’ होतो, ‘फिफ्टीन’चा ‘फिफ्टी’ होतो. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तर पत्ता विचारूच नये. भाचीच्या दाराचा नंबर चाळीस जणांच्या फोनमध्ये असण्याचं काही कारण नाही.

मावशीची दुसरी विचारणा अशी होती:

विषय: नेहा, टपालासाठी तुझा पूर्ण पत्ता हवा आहे – मोठी मावशी

‘प्रिय नेहा, अनेक आशीर्वाद.

बाळासाठी एक छोटं पार्सल पोस्टानं पाठवते आहे. काय आहे ते विचारू नकोस आणि “कशाला पाठवतेस” असंही लिहू नकोस, तयार होऊन बसलंय ते.

तुझा जुना पत्ता माझ्याकडे आहे, पण तो मी इथे मुद्दाम लिहीत नाही. विजेच्या किंवा फोनच्या बिलावर जसा छापून येतो तसा नवा टाइप करून पाठव. इंग्रजीतच. फोटो नको, मला तो उचलून फॉर्ममध्ये टाकायचा आहे.

एवढं नक्की येऊ दे. तुझ्या ओळखपत्रावर आहे तसं नाव. घराचा, म्हणजे यूनिटचा नंबर आणि इमारतीचा नंबर. कुठला कशाचा ते शब्दांत सांग. रस्त्याचं पूर्ण नाव, त्यापुढे स्ट्रीट, ॲव्हेन्यू, कोर्ट जे काही असेल ते, आणि ईस्ट-वेस्ट लागत असेल तर तेही. शहर, प्रांत, पोस्टल कोड. मोबाइल नंबर. बझरचा नंबर वेगळा असतो ना, तो वेगळ्या ओळीत लिही, पत्त्यात मिसळू नकोस.

येत्या महिना-दोन महिन्यांत घर बदलणार असाल तर आधी सांग, मग मी थांबते.

शुक्रवारपर्यंत कळव, शनिवारी मी पोस्टात जाणार आहे. तुझा चटणीचा डबा अजून माझ्याकडेच आहे, तो काही या पार्सलात नाही.

तुझी मावशी’

या पत्रात दोन-तीन गोष्टी जाणूनबुजून केलेल्या आहेत. जुना पत्ता खाली देऊन ‘हा बरोबर आहे का’ असं विचारणं सोपं वाटतं, पण त्यात एक खोट आहे. वाचणारा माणूस ओळखीच्या मजकुरावरून नजर फिरवतो आणि ‘हो, बरोबर’ म्हणून मोकळा होतो. नसलेली गोष्ट नजरेला टोचत नाही. चुकीचा यूनिट नंबर एखादे वेळी लक्षात येईल, गाळलेला येणार नाही. नव्यानं लिहायला लावलं की माणूस बिल शोधतो, आणि मग मावशीला जुना आणि नवा पत्ता शेजारी ठेवून ताडता येतो. दोन्हींत फरक आढळला तर विचारण्यासारखं काहीतरी सापडलं. बिलावरचा पत्ता मागायचं कारण हेच, की तो टपालखात्याला समजेल अशा रीतीनं छापलेला असतो आणि त्या पत्त्यावर दरमहा टपाल पोचतं हे सिद्ध झालेलं असतं.

‘काय आहे ते विचारू नकोस’ हे वाक्यही कामाचं आहे. आपल्याकडे पत्ता मागितला की पलीकडून ‘अगं, उगाच कशाला खर्च करतेस’ सुरू होतं आणि त्या आग्रह-नकारात पत्ता बाजूलाच राहतो. आधीच दार लावून घेतलेलं बरं. भेट गुपित ठेवायची असेल तर ठेवा, पण पार्सल येतंय हे गुपित ठेवू नका. पत्ता चोरून, चुलतभावाकडून मिळवून पाठवलेली भेट फार वेळा जुन्या घरी जाते.

आणि चटणीचा डबा? तो ओळख पटवण्यासाठी आहे. गेली काही वर्षं इंडिया पोस्टच्या नावानं खोटे मेसेज फिरतात: तुमचं पार्सल आलंय, पत्ता अपुरा आहे, अमुक तासांत या दुव्यावर जाऊन दुरुस्त करा. सरकारच्या पीआयबीनंही हे मेसेज बनावट असल्याचं जाहीर केलेलं आहे. परदेशातही तिथल्या टपालाच्या नावानं हाच उद्योग चालतो. तेव्हा ‘पूर्ण पत्ता पाठवा’ असं सांगणारी ईमेल बघून भाची दोन क्षण थबकली तर ते शहाणपणाचंच आहे. घरातल्या माणसालाच ठाऊक असणारी एक ओळ घातली की तिची शंका फिटते. मावशीनंही उलट बाजूनं सावध राहावं. पार्सल गेल्यावर ‘पत्ता दुरुस्त करा’ म्हणून दुवा आला तर तो उघडू नये. पावतीवरचा नंबर टपालाच्या खऱ्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघावा.

शुक्रवारी उत्तर आलं. नाव आणि मोबाइलसोबत पत्ता असा होता:

```
1204-85 Gulmohar St E
Toronto ON  M9Z 9Z9
```

आणि खाली मराठीत, ‘1204 आमचं यूनिट, 85 इमारत. बझर 0317, तो पत्त्यात नाही.’

ही खालची ओळ मागून घेतली नसती तर पहिल्याच ओळीनं मावशीला गोंधळात टाकलं असतं. ‘1204-85’ हा आकडा मराठी डोळ्यांना गट नंबर आणि त्याचा हिस्सा वाटतो, किंवा 1204 ते 85 असं काहीतरी. कॅनडात मात्र ही टपालाची मान्य रीत आहे: आधी यूनिट नंबर, मग आडवी रेघ, मग इमारतीचा नंबर. आपण मोठ्याकडून छोट्याकडे जाऊ असं गृहीत धरतो, तिथे लहान जागा आधी येते. ऑस्ट्रेलियात हेच तिरप्या रेषेनं करतात. तिथे 5/12 म्हणजे बारा नंबरच्या इमारतीतलं पाच नंबरचं घर. आपल्याकडे 12/5 असा सर्व्हे नंबर लिहायची सवय असलेला माणूस ते ‘सुधारून’ उलटं लिहितो आणि पार्सल पाच नंबरच्या इमारतीसमोर जाऊन उभं राहतं. सिंगापूरची तऱ्हा आणखी निराळी: तिथे जवळजवळ प्रत्येक इमारतीला स्वतःचा सहा आकडी कोड आहे आणि घराचा नंबर #08-123 असा येतो, आठवा मजला आणि घर 123. देश कुठलाही असो, भाचीला ‘कुठला आकडा कशाचा’ हे शब्दांत लिहायला सांगितलं की हा घोळ मिटतो.

आडव्या रेघेचा दुसरा त्रास आपल्या बाजूला आहे. पोस्टाची किंवा कुरिअरची नोंदणी आता संगणकावर होते, आणि काही फॉर्म रेघ, तिरपी रेष, # यांसारखी चिन्हं स्वीकारत नाहीत. रेघ गळाली तर 1204-85 चा 120485 होतो, आणि तसा पत्ता पृथ्वीवर कुठेच नसतो. त्यावर सोपा उपाय आहे. कॅनडा पोस्टला यूनिट रस्त्याच्या नावानंतर, UNIT किंवा APT असा शब्द लावून लिहिलेलंही चालतं. मावशीनं तेच केलं:

```
NEHA JOSHI
85 GULMOHAR ST E UNIT 1204
TORONTO ON  M9Z 9Z9
CANADA
```

UNIT 1204 रस्त्याच्याच ओळीत आहे हे बघा. अनेक कुरिअर कंपन्यांच्या फॉर्ममध्ये पत्त्याच्या एका ओळीला अक्षरांची मर्यादा असते आणि ती संपली की पुढचं गुपचूप कापलं जातं. ओळीच्या शेवटी काय असतं? यूनिट नंबर. म्हणून छापलेलं लेबल हातात आलं की बाकी काही वाचलं नाही तरी 1204 दिसतो का, एवढं बघूनच पोस्टाबाहेर पडावं. ओळ खरंच लांब असेल तर तिथेच रांगेत उभं राहून ‘स्ट्रीट’चं ST, ‘ॲव्हेन्यू’चं AVE करून घ्यावं, शहराच्या खाली किंवा फोन नंबरच्या रकान्यात यूनिट ढकलू नये.

रस्त्याच्या शेवटचा E मावशीला फालतू वाटला होता. टोरोंटोत तो फालतू नसतो. शहराच्या मधून उत्तर-दक्षिण जाणारा यंग स्ट्रीट हा दुभाजक आहे. क्वीन, किंग, ब्लूर यांसारखे आडवे रस्ते त्याच्या एका बाजूला ईस्ट आणि दुसऱ्या बाजूला वेस्ट होतात, आणि घरांचे नंबर यंगपासून दोन्हीकडे नव्यानं चढत जातात. त्यामुळे एकाच नंबरची इमारत पूर्वेलाही असू शकते आणि पश्चिमेलाही. स्ट्रीट, ॲव्हेन्यू, क्रेसेंट यांचंही तसंच. 1998 मध्ये स्कारबरो, नॉर्थ यॉर्क, इटोबिको अशी शेजारची गावं टोरोंटोत विलीन झाली आणि प्रत्येकानं आपापल्या रस्त्यांची नावं बरोबर आणली. लोक अजूनही पत्त्यात टोरोंटोऐवजी स्कारबरो लिहितात. कोड बरोबर असेल तर त्यानं बिघडत नाही.

मग कोड बरोबर आहे की नाही हे साताऱ्यात बसून कसं ओळखायचं? थोडंफार ओळखता येतं. कॅनडाच्या कोडमध्ये पहिली, तिसरी, पाचवी खूण अक्षर असते आणि दुसरी, चौथी, सहावी अंक. शिवाय D, F, I, O, Q, U ही अक्षरं त्यात कधीच येत नाहीत, नेमकी वाचताना चूक होऊ नये म्हणून. तेव्हा गोल आकार दिसला तर तो शून्यच, आणि उभी रेघ दिसली तर तो एकच. आणि असा गोल किंवा उभी रेघ तिसऱ्या किंवा पाचव्या जागी आली, म्हणजे जिथे अक्षर हवं तिथे, तर कोड चुकलेला आहे हे नक्की. पहिलं अक्षरही बोलतं: M म्हणजे टोरोंटो शहर, L म्हणजे मिसिसागा-ब्रॅम्प्टनसारखी भोवतालची गावं, V म्हणजे पार पश्चिम किनाऱ्यावरचं ब्रिटिश कोलंबिया. भाची टोरोंटोत आणि कोड V नं सुरू होत असेल तर तिनं बहुधा व्हँकुव्हरच्या जुन्या घराचा कोड लिहिलाय. कॅनडा पोस्टच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून कोड शोधायचीही सोय आहे. ती फुकट आहे आणि त्यात इमारतीत किती यूनिट आहेत याचा अंदाजही कधी कधी येतो.

सगळ्या भाच्या तीस मजली इमारतीत राहत नाहीत. मिसिसागासारख्या ठिकाणी रांगघरांच्या वसाहती असतात. रस्त्याकडून बघितलं तर एकच नंबर, आत शंभर घरं. तिथे घर स्वतंत्र, दार स्वतंत्र, अंगण स्वतंत्र, म्हणून राहणाऱ्याला आपण फ्लॅटमध्ये आहोत असं वाटतच नाही आणि ‘यूनिट नंबर कुठला आलाय आम्हाला’ असं उत्तर येतं. पण रस्त्याचा नंबर सगळ्या शंभरांचा सामाईक असतो आणि दारावर लावलेला 47 हाच यूनिट नंबर. अशा वेळी एकच प्रश्न विचारावा: ‘शेजाऱ्याच्या पत्त्यात आणि तुझ्या पत्त्यात फरक कशाचा?’ जो फरक असेल तो लेबलावर हवा.

ब्रॅम्प्टनला शिकायला गेलेला भाचा बेसमेंटमध्ये राहत असेल तर मात्र प्रश्न अवघड आहे, कारण घराच्या तळघरातल्या खोल्यांना टपालाच्या लेखी वेगळा नंबर नसणं अगदी शक्य आहे. टपाल वरच्या मालकाच्याच पेटीत येतं. तिथे यूनिट नंबर बनवू नये. मुलाच्या नावाखाली मालकाचं नाव C/O लावून लिहावं, आणि मुलानं मालकाला आधी सांगून ठेवावं. मुलं हे सांगायला संकोचतात. बेसमेंटमध्ये राहतो हे मामाला कळू नये असं काहींना वाटतं. म्हणून विचारतानाच ‘टपाल कुणाच्या पेटीत येतं रे?’ असं सहज विचारलेलं बरं.

नावाचा मुद्दा मावशीनं ईमेलमध्ये घातला होता, त्यालाही कारण आहे. मावशीच्या तोंडी भाची सासरच्या आडनावानं, भाचीच्या पासपोर्टवर माहेरचं. घरी कुणी नसताना पार्सल पोस्टात गेलं तर ते सोडवायला कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. लेबलावर ‘सौ. नेहा अनिकेत देशपांडे’ आणि ओळखपत्रावर ‘नेहा जोशी’ असेल तर काउंटरवरच्या माणसाला ती एकच बाई आहे हे कसं पटायचं? लाडाचं नाव तर लेबलावर अजिबात नको. ‘सोनू’ला कुठलंही पोस्ट पार्सल देणार नाही.

आता पत्ता पक्का झाला, तरी पार्सलाबरोबर सीमाशुल्काचा फॉर्म जातो आणि त्यावर हाच पत्ता पुन्हा लिहावा लागतो. लेबलावर यूनिट आणि फॉर्मवर नाही असं होऊ देऊ नये. दोन्हीकडे अक्षरशः एकच मजकूर हवा. वस्तूचं वर्णन ‘गिफ्ट’ एवढंच न लिहिता काय आहे ते साध्या इंग्रजीत, लहान मुलाचं सुती पांघरूण असं, लिहावं आणि प्रकार म्हणून ‘गिफ्ट’वर खूण करावी. कॅनडात एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली 60 कॅनेडियन डॉलरपर्यंतची भेट करमुक्त असते. त्यावर किंमत गेली तर वरच्या रकमेवर भाचीला कर आणि टपालाचं शुल्क भरावं लागू शकतं. घरी शिवलेल्या दुपट्याची किंमत प्रामाणिकपणे लावली तरी ती त्याच्या आत बसते. मागे पाठवणाऱ्याचा म्हणजे मावशीचा पत्ताही पूर्ण हवा, पिन आणि +91 सह मोबाइल. काही चुकलंच तर पार्सल निदान घरी येईल.

शनिवारी स्पीड पोस्टाची पावती मिळाली. तिच्यावर दोन अक्षरं, नऊ अंक आणि शेवटी IN असा तेरा खुणांचा नंबर असतो. मावशीनं तो ईमेलच्या त्याच धाग्यात टाइप करून पाठवला, कारण कॅनडात पोचल्यावर हाच नंबर कॅनडा पोस्टच्या संकेतस्थळावरही चालतो आणि पुढची खबर भाचीला मावशीच्या आधी लागते. सोबत एक सूचना होती: पेटीत कार्ड पडलं तर टाळाटाळ करू नकोस. तिथलं पोस्ट पार्सल 15 दिवस ठेवतं आणि मग परत पाठवतं, पत्ता कितीही बरोबर असला तरी.